ओठ फार छान बसले होते

काकांना रस्त्यात कुणी ओळखत नाही. ते दुकानात गेले, निमूटपणे साबणाकडे बोट दाखवलं, पैसे दिले आणि आले, तर दुकानदाराच्या लेखी ते एक टक्कल असलेले, सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं लावणारे गृहस्थ. पण "सुट्टे नाहीत का हो?" एवढं जरी बोलले, तरी दुकानदार मान वर करतो. "अहो, तुम्ही पंपवाले का?" मग काकांना साबणावर दोन रुपये सूट मिळते आणि दिवसभर आमचं डोकं उठतं, कारण ते प्रत्येकाला ती गोष्ट सांगतात.

काका म्हणजे पंपवाले शेठ नव्हेत. शेठ खरे मोठे. पाण्याचे पंप करतात, निम्म्या जगात विकतात, वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो. त्यांना आपली भाषा येत नाही. ते त्यांच्या भाषेत बोलतात आणि आपल्या भाषेत त्यांचं बोलणं काका बोलतात. गेली अकरा वर्षं. जाहिराती, भाषणं, कंपनीच्या वाढदिवसाच्या फिल्मा, सगळं. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना शेठ म्हटलं की काकांचाच आवाज आठवतो. शेठ स्वतः समोर येऊन बोलले तर लोक म्हणतील, हा कोण नकली.

मी त्यांच्यासोबत डबिंगच्या स्टुडिओत काम करतो. स्टुडिओ म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. एका खोलीत माइक आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, दुसरीत मी, माझं मशीन आणि खिडकीवरचं कबूतर. दोन्ही खोल्यांच्या मधे जाड काच. काका आत बोलतात, मी बाहेर रेकॉर्ड करतो. ते मला 'बटण' म्हणतात, कारण त्यांच्या मते मी आयुष्यात तेवढंच दाबतो.

काकांचं काम बघण्यासारखं असतं. लेखकाकडून संवादाचे कागद येतात. काका ते वाचत नाहीत, आधी पडद्यावरचं तोंड बघतात, आवाज बंद करून. कुठे कुठे ओठ मिटतात ते मोजतात आणि कागदावर तिथे पेन्सिलीने गोल काढतात. प, ब, भ, म म्हणायला ओठ मिटावेच लागतात, दुसरा इलाज नाही. मग समोरच्याचे ओठ मिटले तिथे आपलाही त्यातलाच एक वर्ण पडला पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याला काय चुकलं ते कळत नाही पण काहीतरी खुपतं. लेखकाने लिहिलेलं असतं 'विश्वास ठेवा'. पडद्यावर सुरुवातीलाच ओठ मिटलेले. काका खोडतात आणि लिहितात 'भरवसा ठेवा'. याला आमच्यात ओठ बसवणं म्हणतात. लग्न जुळवणाऱ्या मावशीसारखं हे काम, दोन परक्या घराण्यांना एकत्र नांदवायचं. दहात सात जागा बसल्या तरी काका खूश. दहाच्या दहा कधीच बसत नाहीत.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

एका सकाळी दहाला आम्ही माशांवरच्या एका फिल्मचं काम सुरू करणार होतो (मासे बोलत नाहीत, त्यामुळे काका निवांत होते), तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला. काकांची मोठी बहीण, आक्का. वय सत्तरीला टेकलेलं, आयुष्यभर इस्पितळात मुख्य परिचारिका. अजूनही कुणाच्या खोलीत शिरल्या की आधी खिडकी उघडतात आणि मग माणसाकडे बघतात. आमच्या खोलीची खिडकी उघडताच कबूतर उडालं.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" आक्का काकांना म्हणाल्या.

"काय?"

"तुझ्या शेठच्या योजनेचं. जगाला सांगतोस आणि बहिणीला नाही. मला शेजारच्या बाईच्या फोनवर बघावं लागलं."

त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. मुद्दाम माझ्यापुढे, कारण काकांना फोनवरचं काही उघडता येत नाही असं त्यांचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

व्हिडिओत पंपवाले शेठ. निळा सदरा, मागे कुंडीत मोठ्या पानांचं झाड. आणि काकांचा आवाज. शंभर टक्के काकांचा, तो किंचित दाट, घशाच्या मागून येणारा. "माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो, मी आयुष्यभर पंप बनवले. आता मी तुमच्यासाठी भविष्य बनवतोय. ही योजना माझी आहे. तिच्यात पैसे ठेवा, दर आठवड्याला जास्त परतावा नक्की मिळेल. ही चांगली संधी फक्त आज दुपारी बारापर्यंत." खाली एक लिंक, एक नोंदणी क्रमांक आणि मोठ्या पिवळ्या अक्षरात 'मर्यादित जागा'.

"बँकेत ठेव मोडायला सांगून आलेय," आक्का म्हणाल्या. "म्हटलं, पाठवण्याआधी तुला विचारावं, किती ठेवू. अर्धे की सगळे?"

निवृत्तीचे सगळे पैसे म्हणजे त्यांचं उरलेलं आयुष्य. त्यांना मूलबाळ नाही. काकांनी फोन हातात घेतला आणि मला वाटलं, आता म्हणतील हे खोटं आहे. पण तसं झालं नाही. त्यांनी व्हिडिओ परत लावला. आणखी एकदा लावला.

"बटण," ते म्हणाले, "हे आपण कधी केलं?"

मला आठवत नव्हतं. पण इथेच खरी गंमत आहे, म्हणजे तेव्हा ती गंमत वाटली नाही. डबिंगवाल्याला काय काय बोललो ते आठवत नाही. आठवड्याला तीनचारशे वाक्यं. कधी एजन्सी नुसती चार वाक्यं पाठवते, चित्राशिवाय, आणि म्हणते, तेवढी बोलून द्या. एकदा काका 'आता हळूच बाहेर काढा' असं अर्धा तास वेगवेगळ्या तऱ्हेने बोलले होते, आणि अजून आम्हाला माहीत नाही की काय बाहेर काढायचं होतं.

मी रजिस्टर काढलं. आमच्याकडे प्रत्येक कामाची तारीख आणि नाव असतं. 'शेठ' म्हणून सहा महिन्यांत चार कामं. योजना नाही, गुंतवणूक नाही. पण रजिस्टरात सगळं असतंच असंही नाही, घाईत राहून जातं.

"राहिलं असेल लिहायचं," काका म्हणाले.

"म्हणजे तुम्ही बोललात?"

"आवाज माझा आहे. आणि बघ जरा, ओठ किती छान बसलेत."

मला हे वाक्य अजून आठवतं, कारण ते बोलताना त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी मशीनवर व्हिडिओ घ्यायला लावला, मोठ्या पडद्यावर, आवाज बंद करून. आणि पेन्सिल घेतली. 'माझ्या', ओठ मिटले. 'भगिनींनो', मिटले. 'बंधूंनो', मिटले. 'पंप', दोनदा मिटले. काका गोल काढत गेले आणि मान डोलवत गेले. कुणी आपल्याच पाठीवर थाप मारावी आणि जोरात मारावी, तसं.

"असं काम अकरा वर्षांत झालं नव्हतं," ते म्हणाले. "हे दुसरं कुणाला जमणार नाही. हे मीच केलंय."

आक्का उठल्या. "झालं ना समाधान? मग मी जाते. बारा वाजायला पावणेदोन तास आहेत."

"थांबा हो आक्का," मी म्हणालो. "चहा तरी घ्या."

चहा हा वेळ काढायचा जगातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. खाली छापखान्यात सांगून आलो. परत आलो तेव्हा काका पडद्यासमोर वाकून उभे होते आणि आता त्यांच्या चेहऱ्यावर ती खुशी नव्हती. त्यांनी गोल मोजले होते. एकतीस.

"बटण, एकतिसापैकी किती बसले?"

"किती?"

"एकोणतीस."

"मग चांगलंच आहे की."

"गाढवा, एकोणतीस कसे बसतील?" काका म्हणाले. "ते बोलतायत त्यांच्या भाषेत. मी बोलतोय आपल्या. कुणाचे इतके बसतील? माझे वीस-बावीस बसले तर मी तुला मिसळ... बरं, चहा पाजतो. इथे ते आपलीच भाषा बोलतायत. ओठांनी."

आक्का परत बसल्या. "म्हणजे शिकले असतील. मोठा माणूस आहे, मास्तर ठेवला असेल."

"आक्का, शिकले असते तर माझा आवाज कशाला? स्वतःचाच वापरला असता."

 आक्का वादात हरल्या की नाकातून श्वास सोडतात. तसा सोडला.

मला मात्र आता रस वाटू लागला होता. मी व्हिडिओ हळू केला, एकेक चित्र पुढे सरकवलं. हळू केल्यावर कळलं की शेठच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती स्वच्छ दिसते, सदऱ्याचा धागा दिसतो, आणि तोंडाभोवती मात्र कुणी ओला बोळा फिरवल्यासारखं. दात वेगळे मोजता येत नव्हते, नुसती पांढरी पट्टी. एका ठिकाणी शेठ मिशीवरून बोट फिरवतात. बोट ओठांपुढून जात असताना ओठ बोटाच्या वरून बोलत राहतात, आणि बोटाचा तेवढा भाग विरघळतो. तिथेच एक गोल चुकला होता.

"हे बघा," मी म्हणालो. "तोंड वरून चिकटवलंय. चित्र खरं आहे, तोंड नवं आहे."

"आणि माझा आवाज?"

"तुमच्या अकरा वर्षांच्या जाहिराती नेटवर पडल्यात. कुणीही त्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राला ऐकवल्या की यंत्र तुमच्यासारखं बोलायला लागतं. तुम्ही न सांगितलेलंही."

काका खुर्चीत बसले. "म्हणजे मी कामावरून गेलो."

"काका, आधी आक्कांचे पैसे."

"हो, हो. पण ऐकव मला परत. नुसता आवाज. चित्र काढ."

मी हेडफोन दिले. काकांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतात की काय, पण ते ऐकत होते, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा. मग त्यांनी एक कान उघडा केला.

"'जास्त' ऐक. आणि 'चांगली' ऐक."

मी ऐकलं. मला काही कळलं नाही.

"'जास्त' म्हणताना हा 'जीव'मधला ज म्हणतोय. आणि 'चांगली'त 'चहा'तला च. आपण असं बोलतो का? आपण 'जास्त' म्हणताना जीभ दाताला लावतो. लिहायला दोन्ही ज सारखेच, दोन्ही च सारखेच, म्हणून यंत्राला फरक कळला नाही. ते वाचून बोलतं, ऐकून नाही." काका आता खरोखर खूश झाले, आणि या वेळी योग्य कारणासाठी. "मी दारू पिऊन बोललो तरी असा ज म्हणणार नाही."

"तू पितोस?" आक्का.

"अगं, उदाहरण."

"दुसरं उदाहरण नाही सुचलं?"

चहा आला. आक्कांनी कप हातात घेतला आणि एकदम म्हणाल्या, "हे सगळं तुमचं बरोबर असेल. पण मी त्यांना फोन करून विचारलंय. मला अडाणी समजू नका. त्या लिंकमध्ये नंबर होता, मी सकाळीच लावला. मुलगी किती गोड बोलली. म्हणाली, हो मॅडम, शेठनी स्वतः सुरू केलीय, कंपनीची माणसं देखरेख करतात."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे.

"आक्का," काका शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "इस्पितळात एखादा माणूस म्हणाला, मी डॉक्टर आहे, तर तू कुणाला विचारायचीस?"

"कार्यालयात विचारायची. त्यांच्या यादीत नाव आहे का ते बघायची."

"त्या माणसालाच नाही ना विचारायचीस, की तू खरंच डॉक्टर का?"

आक्कांनी कप खाली ठेवला. नाकातून श्वास आला, पण या वेळी लहान.

मग आम्ही कार्यालयात विचारायचं काम केलं. म्हणजे मी केलं, काका मागून सूचना देत होते. आधी व्हिडिओ ज्या पानावरून आला ते उघडलं. नाव पंप कंपनीचंच, पण शेवटी एक अक्षर जास्त. पानाची माहिती बघितली तर ते काल-परवा उघडलेलं नव्हतं, उलट चार वर्षं जुनं होतं. क्षणभर मलाही वाटलं, अरे, जुनं म्हणजे खरं. पण खाली नाव बदलल्याची नोंद होती. चार वर्षं ते पान भाजी चिरायची यंत्रं विकत होतं आणि तीन आठवड्यांपूर्वी एकदम पंपवाले शेठ झालं.

"भाजी चिरता चिरता," आक्का म्हणाल्या, "आता माणसं चिरायला लागले."

मग कंपनीची खरी साइट, पत्ता स्वतः टाइप करून, व्हिडिओतल्या लिंकवरून नाही. तिथे पंप होते, सुटे भाग होते, शेठचा फोटो होता. योजना नव्हती.

"लपवली असेल, थोड्याच लोकांना द्यायची म्हणून," आक्का. आता त्या योजनेच्या बाजूने बोलत नव्हत्या, मला वाटतं त्या परीक्षा घेत होत्या. परिचारिकांना दोनदा तपासायची सवय असते.

मी व्हिडिओतलं एक स्वच्छ चित्र पकडलं, शेठचं तोंड बंद असतानाचं, आणि चित्रावरून शोधायला टाकलं. चौथ्या निकालात तेच झाड. तोच निळा सदरा. दोन वर्षांपूर्वीची मुलाखत, एका व्यापार-वाहिनीच्या स्वतःच्या पानावर. मी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावले. मान एकाच वेळी हलत होती, बोट एकाच वेळी मिशीवर जात होतं. फक्त एकीकडे बोट पूर्ण होतं.

"काय बोलतायत खऱ्यात?" आक्कांनी विचारलं.

काकांना शेठची भाषा येते, अकरा वर्षं तीच ऐकतायत. ते ऐकत ऐकत सांगू लागले. "म्हणतायत... पंप गळतो तेव्हा लोक पंपाला शिव्या देतात, पण दहापैकी आठ वेळा वॉशर खराब असतो. दीड रुपयाचा वॉशर. तो आधी बघा."

"आणि गुंतवणूक?"

"नाही. वॉशरवर पाच मिनिटं बोलले. मग वाहिनीच्या बाईंनी विषय बदलला."

आक्का पहिल्यांदा हसल्या.

उरला तो नोंदणी क्रमांक. हा मला जरा घाबरवत होता, कारण क्रमांक दिसला की माझ्यासारखा माणूस लगेच नम्र होतो. शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी जी सरकारी संस्था असते, तिच्या साइटवर नोंदणी केलेल्यांची यादी असते, कुणालाही बघता येते. क्रमांक टाकला. क्रमांक खरा निघाला. 

"कुणाचा आहे?" काका.

"एका... थांबा. एका सल्लागाराचा. दुसऱ्याच शहरातला. नाव वेगळं, कंपनी वेगळी. शेठचं नाव कुठेच नाही."

"म्हणजे दुसऱ्याच्या गाडीची नंबरप्लेट."

साइटवरच मदतीचा नंबर होता. आक्कांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लावला. अकरा मिनिटं वाट बघितली, मधलं संगीत ऐकत, चेहऱ्यावर वॉर्डातला धीर. मग कुणीतरी बोललं. आक्कांनी सगळं नीट सांगितलं, तापाचा तक्ता वाचावा तसं. ऐकलं. "बरं" म्हणाल्या. "पुन्हा सांगा" म्हणाल्या. फोन ठेवला.

"ते म्हणतात, अमुक परतावा नक्की मिळेल अशी हमी नोंदणीवाल्या सल्लागाराला द्यायची परवानगीच नाही. नक्की हा शब्द दिसला की तिथेच थांबायचं. आणि तो क्रमांक वापरल्याची तक्रार त्यांनी लिहून घेतली." मग म्हणाल्या, "तो मुलगा गोड बोलत नव्हता. जरा कंटाळलेला होता. त्यामुळे बरं वाटलं."

मधल्या वेळात काकांनी एजन्सीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कंपनीने असलं काही काढलेलं नाही, सकाळपासून तीन ठिकाणांहून विचारणा आलीय, लिंक पाठवा, आम्ही पान बंद करायची मागणी करतो. आणि मग म्हणाल्या, "काका, आम्हाला आधी वाटलं तुम्ही बाहेरून परस्पर काम घेतलंत."

काकांना हे लागलं. ते पेन्सिलीचं टोक तपासत बसले.

अकरा वाजून वीस मिनिटं. आक्कांनी बँकेत फोन करून ठेव मोडू नका म्हणून सांगितलं. बँकेतला माणूस म्हणाला, बरं झालं, फॉर्म अजून टेबलावरच आहे. सरकारी आळसाला नावं ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मला वाटलं संपलं. मी माशांची फिल्म लावायला घेतली. आक्का मात्र उठल्या नाहीत. पिशवीचे बंद हाताला गुंडाळत, सोडत बसल्या.

"काय झालं?" काका.

"मी ते पुढे पाठवलंय."

"कुणाला?"

"आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, हा माझ्या भावाचाच आवाज आहे, बिनधास्त राहा."



ग्रुपवर अठरा बायका. मी आक्कांना लिहून दिलं, व्हिडिओ खोटा आहे, पैसे पाठवू नका, आणि सोबत खऱ्या मुलाखतीची लिंक. आक्कांनी ते टाकलं. काकांनी स्वतःच्या आवाजात एक निरोपही रेकॉर्ड करून टाकला. लगेच उत्तर आलं, एका बाईचं. 'आता हा कोणता आवाज मानायचा?'

काकांनी ते वाचलं आणि मान हलवली. "बरोबर विचारलंय तिने."

सतरा जणींनी पाठवलं नव्हतं. एकीचं उत्तरच येईना. ती आक्कांची जुनी सहकारी, प्रसूती वॉर्डातली, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. आक्का म्हणाल्या, ती उत्तर देत नाही म्हणजे रागावली तरी आहे नाहीतर पाठवून बसली आहे. मासे तसेच सोडून आम्ही तिघं निघालो.

दार बाईंनीच उघडलं. हातात चष्मा, टेबलावर फोन, शेजारी बँकेचं कार्ड उघडं पडलेलं.

"सकाळी नऊला पाठवले," त्या म्हणाल्या. "थोडेच. बाकीचे बारापर्यंत पाठवायचे आहेत, म्हणून ओटीपी शोधतेय."

"पाठवू नकोस," आक्का म्हणाल्या. "खोटं आहे."

बाईंनी आक्कांकडे बघितलं, मग काकांकडे. "हेच ना भाऊ? यांनीच सांगितलं ना, ठेवा म्हणून. तूच लिहिलंस."

आता काका बोलायला हवे होते. हा माणूस आयुष्यभर बोलत आला, सिंह बोलला, राजा बोलला, पंप बोलला, आणि त्या दारात त्यांच्या तोंडून शब्द निघेना. समोर कागद नव्हता. "ते... म्हणजे मी नव्हे," ते म्हणाले. "आवाज माझा... पण मी नाही. यंत्राने. मी तसं 'जास्त' म्हणतच नाही हो."

बाई गोंधळल्या. "आवाज तर अगदी तोच आहे. पण तो माणूस किती धडाधड बोलत होता. हे अडखळतायत."

"हेच खरं आहे," आक्का म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी याचं नाक पुसलंय. आणखी काय पाहिजे?" आक्का आत शिरल्या, खिडकी उघडली आणि टेबलावरचं कार्ड उचललं. "बस. या कार्डाच्या मागे बँकेचा नंबर छापलाय, तो लाव. त्या व्हिडिओतला नाही, हा. सकाळचा व्यवहार सांग, वेळ सांग, म्हणावं फसवणूक आहे, थांबवा. मग पोलिसांच्या ऑनलाइन फसवणुकीच्या नंबरवर. अडीच तास झालेत, कदाचित अजून पुढे गेले नसतील."

"आणि गेले असतील तर?"

"तर गेले. पण बाराला पाठवायचे होते ते तर राहिले."

बाईंनी आकडे दाबले. एक दाबा, तीन दाबा, मग संगीत. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि काकांकडे वळल्या, खऱ्याखुऱ्या कुतूहलाने.

"ते 'जास्त'चं काय म्हणालात? पुन्हा सांगा, मला नीट कळलं नाही."

काका खुर्चीच्या टोकावर बसले. "असं बघा," ते म्हणाले, "आधी 'जीव' म्हणा."

"जीव," बाई म्हणाल्या.

"आता 'जास्त'. जीभ कुठे लागते ते बघा."

बाईंनी दोनदा म्हटलं. आक्कांनीही म्हटलं, हळूच, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. तेवढ्यात संगीत थांबलं आणि पलीकडून कुणीतरी विचारलं, आपली काय मदत करू.

"सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी," बाई म्हणाल्या, आणि आक्कांनी टेबलावरचा चष्मा त्यांच्या हातात दिला, कार्डावरचा क्रमांक वाचायला.